माफीला उत्तर आले, प्रश्नाला नाही

‘मी अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात क्वालिटी विभागात सुपरवायझर आहे. शाळा मराठी माध्यमाची, नंतर आयटीआय. गेल्या वर्षापासून परदेशी ग्राहकांना मेल करण्याचे काम माझ्याकडे आले. माझे इंग्रजी कच्चे आहे आणि टायपिंग एका बोटाने चालते, म्हणून प्रत्येक मेलच्या सुरुवातीलाच तसे सांगून मी माफी मागतो. चॅटवरही तेच करतो. मागच्या आठवड्यात ४०० नगांच्या लॉटमधल्या काही नगांचा बोअर, म्हणजे आतले गोल छिद्र, मोठा झाल्याचे जर्मनीच्या ग्राहकाला कळवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, “नो प्रॉब्लेम, युअर इंग्लिश इज फाइन.” आमच्या डिस्पॅचने ती मंजुरी समजून ते नग खोक्यात भरायलाही घेतले होते, मी धावत जाऊन थांबवले. साहेब म्हणतात, ही माफी बंद करा. पण चुकीचे इंग्रजी काहीच कल्पना न देता पाठवणे उद्धटपणाचे नाही का? त्या मेलची आणि तपासणी अहवालाची प्रत सोबत जोडत आहे.’
— एक वाचक, नाशिक

आधी तातडीचे सांगतो. त्या उत्तराला मंजुरी न मानता तुम्ही नग थांबवलेत, ते योग्यच केलेत. ग्राहकाचा लेखी निर्णय हाती येईपर्यंत ते नग लाल टॅग लावून चांगल्या मालापासून वेगळे, शक्य असल्यास कुलपात ठेवावेत. ‘नो प्रॉब्लेम’ हे शब्द तुमच्या माफीला उद्देशून होते की नगांना, हे त्या मेलवरून ठरवता येत नाही, आणि जिथे ते ठरवता येत नाही तिथे माल रवाना करता येत नाही. तयार झालेला, पण मापाबाहेर गेलेला माल स्वीकारण्याच्या परवानगीला कागदोपत्री कन्सेशन म्हणतात. डेव्हिएशन म्हणजे खरे तर माल बनवण्याआधी घेतलेली सवलत. शॉपवर दोन्हींना सरसकट डेव्हिएशनच म्हटले जाते. नाव कोणतेही असो, त्या परवानगीत भाग क्रमांक, नगांची संख्या, प्रत्यक्ष माप आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव एवढे तरी असावेच लागते. तुम्हाला आलेल्या उत्तरात यांपैकी काहीही नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या मेलकडे वळू. विषयाच्या जागी ‘सॉरी सर, रिगार्डिंग प्रॉब्लेम’ असे आहे. पहिल्या वाक्यात तुमची शाळा मराठी माध्यमाची असल्याचे, दुसऱ्यात टायपिंग हळू असल्याचे, तिसऱ्यात कालच मेल करायचा होता पण वेळ लागल्याचे, चौथ्यात व्याकरणाच्या चुका पोटात घालण्याचे आणि पाचव्यात पुन्हा एकदा क्षमेचे लिहिले आहे. सहाव्या वाक्यात ‘होल इज लिटल बिग इन सम पीसेस’ एवढे येते. त्यापुढे इन्सर्ट, म्हणजे हत्याराचे कापणारे टोक, बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे त्यानुसार मशीनवर करायची मापाची दुरुस्ती, घ्यायचा राहून गेल्याचे कारण आहे आणि शेवटी ‘प्लीज डू द नीडफुल’. नग अठरा आहेत आणि त्यांचा बोअर नेमका किती भरला, ही माहिती मेलमध्ये कुठेही नाही. ती जोडलेल्या तपासणी अहवालात, चारशे ओळींच्या तक्त्यात आहे.

हा मेल समोरच्या माणसाने कसा वाचला असेल, ते पाहा. त्याच्या फोनवर तुमचे नाव, विषय आणि मजकुराची सुरुवातीची एक-दोन वाक्ये दिसली असतील. नाव सोडले तर दोन्ही ठिकाणी माफीच होती. हातातले काम सोडून माणूस ज्याला चटकन उत्तर देऊ शकतो त्यालाच आधी उत्तर देतो. अठरा नगांविषयी काही सांगायचे तर त्याला अहवाल उघडावा लागेल, ड्रॉइंग पाहावे लागेल, डिझाइनच्या माणसाला विचारावे लागेल. तुमच्या इंग्रजीविषयी ‘ठीक आहे हो’ म्हणायला पाच सेकंद पुरतात आणि ते सौजन्याचेही ठरते. त्याने ते सौजन्य दाखवले. माफीच्या पोटातही एक विनंती असते, ‘मला समजून घ्या’ अशी. तुमच्या मेलमध्ये स्पष्टपणे केलेली ती एकमेव विनंती होती आणि ती मान्य झाली.

तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेले आहे, ते मला तपासून पाहावेसे वाटते. या मेलची कमजोरी इंग्रजीत होती, असे तुम्ही धरून चालला आहात. ‘लिटल बिग’ हे इंग्रजी म्हणून चुकीचे आहे, हे खरे. पण त्याऐवजी अगदी निर्दोष वाक्यात ‘काही नगांचे छिद्र किंचित मोठे झाले आहे’ असे लिहिले असते, तरी तिकडच्या इंजिनिअरला त्याचा तितकाच कमी उपयोग झाला असता. ‘किंचित’ म्हणजे किती आणि ‘काही’ म्हणजे किती, याशिवाय त्याला एक पाऊलही टाकता येत नाही.

तुमच्या ड्रॉइंगवर २५ एच-७ असे लिहिले आहे, म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर या हद्दीत हवा. तुमच्या अहवालानुसार ते अठरा नग २५.०२४ ते २५.०२७ या दरम्यान भरले, म्हणजे वरच्या हद्दीपेक्षा तीन ते सहा मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या तीन ते सहा हजारांशांनी जास्त. हा आकडा हाती आला की तिकडचा इंजिनिअर काय करेल? समजा, त्या बोअरमध्ये जाणारा शाफ्ट २५ जी-६ मापाचा आहे, म्हणजे २४.९८० ते २४.९९३. मग ड्रॉइंगप्रमाणे त्या जोडीत जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची फट चालते आणि तुमच्या सर्वांत मोठ्या नगात ती ४७ होईल. सहा मायक्रॉन जास्तीची फट त्या ठिकाणी खपेल की नाही, एवढाच प्रश्न त्याच्यासमोर उरतो आणि आपले यंत्र ओळखणारा माणूस त्याचे उत्तर चहा संपायच्या आत देऊ शकतो. बोअर लहान राहिला असता तर आणखी एक कट घेऊन तुम्हाला तो मापात आणता आला असता. मोठ्या झालेल्या बोअरमधून काढून टाकण्यासारखे काही उरत नाही. त्यामुळे बहुधा ‘आहे तसे चालवा’ किंवा ‘बाद करा’ एवढेच दोन पर्याय शिल्लक राहतात आणि त्यांतल्या पहिल्याचा अधिकार ग्राहकाचाच असतो. हेही मेलमध्ये लिहायला हवे होते. यातल्या कोणत्या गोष्टीला चांगले इंग्रजी लागते? जवळजवळ कोणत्याच नाही.

तुम्ही लिहिता त्या माफीचा आणखी एक तोटा आहे आणि क्वालिटीच्या माणसाला तो इतरांपेक्षा महाग पडतो. ‘माझ्या लिहिण्यात चुका असतील’ हे वाक्य वाचणाऱ्याला त्या चुका व्याकरणाच्या आहेत की मापाच्या, हे कळायला मार्ग नसतो. तुमच्या खात्याच्या शब्दाला किंमत असते ती त्यावर विसंबता येते म्हणून. त्या शब्दावर आधीच शंका घ्यायला सांगून मग माप कळवणे म्हणजे स्वतःच्याच सहीखाली प्रश्नचिन्ह काढण्यासारखे आहे. ग्राहकाला शंका येतेच, पण ती वेगळ्या जागी: हे माप घेतले कशाने आणि कुठे?

हा प्रश्न नाशिकच्या शॉपला विशेष लागू पडतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मापे २० अंश सेल्सिअसला धरली जातात, हा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी शॉपमध्ये ३५ अंश तापमान असेल, तर २५ मिलिमीटरचा पोलादी बोअर १५ अंशांच्या फरकाने सुमारे चार मायक्रॉन फुगतो. अॅल्युमिनियमचा असेल तर आठ-नऊ. म्हणजे तुम्ही कळवत असलेली तीन ते सहा मायक्रॉनची वाढ आणि निव्वळ उन्हाळ्याने येणारी वाढ एकाच पट्टीतल्या आहेत. बोअर गेज ज्या ठरलेल्या मापाच्या पोलादी सेटिंग रिंगवर शून्य केला ती रिंग आणि पोलादी नग बराच वेळ शेजारी ठेवून एकाच तापमानाला आले असतील, तर हा फरक आपोआप वजा होतो. मशीनवरून नुकताच उतरलेला गरम नग थंड रिंगशी ताडून पाहिला असेल, तर होत नाही. नग अॅल्युमिनियमचे आणि रिंग पोलादाची असेल, तर दोन्ही एकाच तापमानाला येऊनही सुमारे चार मायक्रॉनचा फरक उरतो. तुमच्या अहवालात मापे स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे तापमान २० अंशांवर राखलेल्या मोजणीच्या खोलीत, घेतल्याचे दिसते, म्हणजे तुमचे आकडे भक्कम आहेत. ‘हे नग स्टँडर्ड रूममध्ये २० अंशांना रात्रभर ठेवून सकाळी बोअर गेजने मोजले’ असे एक वाक्य मेलमध्ये घातले असते, तर तिकडचा पुढचा प्रश्न आधीच मिटला असता. मेलच्या सुरुवातीला स्वतःविषयी काही सांगायचेच असेल, तर ते इतकेच सांगण्यासारखे आहे, आणि त्यात माफी नाही.

उद्धटपणाचा तुमचा प्रश्न मात्र मला थट्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही. वडीलधाऱ्यांपुढे आणि परक्यांपुढे आपले उणे आधी आपणच सांगावे, हे वळण आपल्याकडे घराघरांत लावले जाते आणि त्यात वावगे काही नाही. पण आपल्याच पत्रलेखनाची रीत आठवून पाहा. जुन्या वळणाच्या पत्रात मायना आणि नमस्कार झाला की ‘विनंती विशेष’ म्हणून थेट मजकुराला हात घातला जाई. दुकानदाराच्या बिलावर ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे, पण ते तळाशी, सगळे आकडे मांडून झाल्यावर, आणि चार अक्षरांत. आकड्यांच्या आधी पाच ओळी चूकभूल लिहिणारा वाणी नाशिकच्या जुन्या पेठेतही कोणी पाहिला नसेल. शिवाय तुमचा जर्मन ग्राहकसुद्धा शिकलेल्या इंग्रजीतच लिहितो. ती त्याचीही मातृभाषा नाही. तो दिवसभरात चीन, पोलंड, तुर्कस्तान अशा ठिकाणच्या पुरवठादारांचे मेल वाचत असेल, तर तुमच्या व्याकरणाकडे त्याचे लक्ष जाण्याआधी ‘यांना माझ्याकडून काय हवे आहे’ याकडे जाते. त्याचा वेळ वाचवणे, हेच त्याच्या बाबतीतले सौजन्य.

तेव्हा तोच मेल पुन्हा लिहून पाहू. विषयाच्या जागी भाग क्रमांक, लॉट क्रमांक आणि ‘कन्सेशन रिक्वेस्ट, १८ पीसेस, बोअर ओव्हरसाइज’ एवढे यावे. आठवड्याने कोणी शोधले, तर हा मेल भाग क्रमांकावरून सापडेल. ‘सॉरी सर’ असा शोध कोणी घेत नाही. मजकुराचे पहिले वाक्य विनंतीचे असावे: या १८ नगांना आहे तसे स्वीकारण्याची मंजुरी आम्ही मागत आहोत आणि बुधवारी तुमच्या वेळेनुसार दुपारी बारापर्यंत निर्णय हवा आहे. दुसऱ्या वाक्यात ड्रॉइंगची रिव्हिजन, हवे असलेले माप आणि आलेले माप. तिसऱ्यात सगळे ४०० नग तपासले असून उरलेले ३८२ मापात आहेत, ही खात्री. हे न लिहिल्यास तो संपूर्ण लॉट अडवून ठेवेल. चौथ्यात माप कसे घेतले ते. पाचव्यात कारण: इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट घ्यायचा राहिला, त्यानंतरचे अठरा नग बिघडले, आधीच्या लॉटमध्ये हा प्रकार नाही. हा शेवटचा खुलासा ग्राहकाच्या मनातल्या पुढच्या भीतीसाठी आहे, कारण मोठा बोअर कळताच त्याला प्रथम आठवते ते आधीच पोहोचलेले खोके. सहाव्या वाक्यात पर्याय: मंजुरी मिळाल्यास ४०० नग एकत्र पाठवू, न मिळाल्यास ३८२ गुरुवारी निघतील आणि १८ नवे बनवून देऊ. मग ‘रिगार्ड्स’ आणि तुमचे नाव.

यातले प्रत्येक वाक्य आखूड आहे आणि बहुतेक वाक्यांत मुख्य शब्दाच्या जागी आकडा आहे. कच्च्या इंग्रजीवर हाच खरा उपाय आहे, कारण चूक बहुधा लांब वाक्याच्या सांध्यात होते. ‘व्हिच’, ‘बिकॉज ऑफ’, ‘सो दॅट’ असे जोड आले की वाक्य तोडून दोन करावे. क्रियापदाचा काळ चुकला तरी २५.०२७ चुकत नाही.

मात्र आकड्यांचेही काही सापळे आहेत. जर्मनीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात आणि हजारांच्या गटाला टिंब, म्हणजे आपल्या नेमके उलटे. म्हणून मापापुढे एकक दर वेळी लिहावे आणि गैरसमजाची शक्यता वाटल्यास ‘सहा मायक्रॉन’ असा फरकही द्यावा. तारखेत महिना अक्षरांत लिहावा, कारण पाचवा-सहावा म्हणजे मेची सहा की जूनची पाच, हे वाचणाऱ्याच्या देशावर ठरते. ‘प्लीज रिव्हर्ट’ हा आपल्या कार्यालयांत रुळलेला शब्दप्रयोग तर टाळाच. बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ ‘पूर्वीच्या स्थितीला न्या’ असा वाटू शकतो आणि ज्या मेलमध्ये ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा उल्लेख आहे तिथे हा घोळ चांगलाच अंगाशी येईल. त्याऐवजी कोणते उत्तर हवे ते सरळ लिहावे: ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’, तुमच्या नावासह.

आता टायपिंगकडे येतो. तुम्ही एका बोटाने मिनिटाला दहा-बारा शब्द टाइप करत असाल, असे धरू. वर सांगितलेला मेल सव्वाशे शब्दांच्या आसपास होईल, म्हणजे दहा-बारा मिनिटांचे काम. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेची सुरुवातीची पातळी मिनिटाला ३० शब्दांची आहे. तेवढा वेग आला तर तोच मेल चार मिनिटांत होईल. वाचतील सहा-आठ मिनिटे. जर्मनी आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असते. तुम्ही मेल नाशिकहून दुपारी बाराला सोडला तर तिकडे सकाळचे साडेआठ किंवा साडेसात वाजलेले असतात आणि निर्णयाला त्यांचा पूर्ण दिवस मिळतो. संध्याकाळी सहाला सोडला तर उत्तर दुसऱ्या दिवसावर जाते. शुक्रवारी दुपारनंतर तर निर्णयाची फारशी आशा ठेवू नये. तेव्हा तुमचा दिवस बुडाला तो टायपिंगच्या वेगामुळे नव्हे, तर मेल निघाला तेव्हाच्या घड्याळामुळे आणि त्यातल्या मजकुराच्या क्रमामुळे. टायपिंग शिकायचे तर जरूर शिका, हातांना आराम पडेल. पण ते येईपर्यंत मेल अडवून ठेवू नका.

चॅटमध्ये गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तिथे समोरचा माणूस वाट पाहत बसलेला असतो आणि तुम्ही लिहीत असल्याची खूण त्याला दिसत राहते. ती खूण बराच वेळ हलत राहिली आणि शेवटी त्यातून क्षमायाचना बाहेर पडली, तर त्याचा वाट पाहण्याचा वेळ वाया गेला असे त्याला वाटणारच. तिथे आधी एक आखूड ओळ टाकावी: ‘माप पाहून दहा मिनिटांत कळवतो.’ ही माफी नव्हे, वेळेची माहिती आहे; ती मिळताच तो दुसऱ्या कामाला लागतो आणि तुमच्या संथपणाचा त्याला काही त्रास उरत नाही. मग उत्तर Notepad मध्ये निवांत लिहावे, आकडे अहवालाशी ताडून पाहावेत आणि एकदम चिकटवावे. चॅटच्या चौकटीत लिहायचेच असेल, तर नवी ओळ घेताना Shift + Enter दाबावे. नुसते Enter दाबले की अर्धे वाक्य निघून जाते आणि मग ते सावरण्यासाठी आणखी एक ‘सॉरी’ लिहावे लागते. मेलमध्ये हाच धोका टाळण्यासाठी पत्त्याची जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवून आधी मजकूर पुरा करावा. आणि तुमच्या कामात सारखे लागणारे तीन-चार मेल, म्हणजे कन्सेशनची विनंती, तपासणी अहवाल पाठवणे, उशिराची पूर्वसूचना हे एकदा नीट लिहून, इंग्रजी चांगले असलेल्या सहकाऱ्याकडून तपासून साठवून ठेवावेत; पुढच्या वेळी फक्त आकडे बदलायचे.

भाषेविषयी बोलूच नये, असे माझे म्हणणे नाही. काही ठिकाणी ते बोलणे गरजेचे असते, फक्त ते विनंतीच्या रूपात आणि नेमके असावे. व्हिडिओ कॉलवर समोरचा भरभर बोलत असेल, तर ‘कृपया थोडे सावकाश बोला आणि मुद्दे नंतर मेलवर पाठवा’ असे म्हणण्यात काहीच कमीपणा नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्राहकाचा मेल तुम्हालाच पुरता कळला नसेल, तर तो न कळल्याचे माफीच्या आड लपवू नका. तिथे ‘मला असे समजले’ म्हणून दोन वाक्यांत अर्थ लिहावा आणि ‘हे बरोबर आहे का’ असे विचारावे. मी पाहिले आहे की सर्वांत लांब माफी बहुधा अशाच मेलमध्ये सापडते, जिथे लिहिणाऱ्याला मूळ मुद्दा नीट समजलेला नसतो आणि विचारायचा संकोच असतो. आणि उशीर तुमच्याकडून झालाच असेल, ग्राहकाचे त्यात नुकसान झाले असेल, तर त्या उशिराबद्दल एका वाक्यात क्षमा मागावीच. ती त्याच्या नुकसानीबद्दल असते, तुमच्या शाळेबद्दल नव्हे.

एक मर्यादाही सांगायला हवी. कन्सेशनच्या मेलला आकडे पुरतात, पण करार, दंडाची कलमे किंवा तक्रारीचा संपूर्ण खुलासा असलेला आठ टप्प्यांचा अहवाल, ज्याला आठ-डी म्हणतात, त्यात शब्दांना कायदेशीर आणि आर्थिक वजन असते. ‘आम्ही तपासू’ आणि ‘आम्ही भरपाई देऊ’ यांतले अंतर तिथे एका शब्दाचे असू शकते. असे कागद तुम्ही मराठीत मसुदा करून इंग्रजी जाणणाऱ्या वरिष्ठाकडून लिहून घ्यावेत. तुमचे साहेब माफी बंद करायला सांगत आहेत, तर ही जबाबदारी त्यांनी घ्यावी, असे त्यांना स्पष्ट सांगायला हरकत नाही.

हाच अडथळा इतर वाचकांच्या पत्रांतही दिसतो. मुलाच्या इंग्रजी शाळेला चिठ्ठी लिहिणारी आई ‘माझे इंग्रजी बरे नाही’ असे लिहून मग तापाविषयी लिहिते. वर्गशिक्षिकेला हवे असते ते मुलाचे नाव, तुकडी, किती दिवस येणार नाही आणि बुडालेल्या चाचणीचे काय करायचे, एवढेच. द्राक्षाचा बागायतदार निर्यातदाराच्या कार्यालयाला लिहिताना आधी आपण कमी शिकलेले असल्याचे सांगतो आणि प्लॉटचा नोंदणी क्रमांक सर्वांत खाली देतो. तो क्रमांक वर असला की पलीकडचा कारकून उत्तर शोधायला लगेच लागतो.

आणि जिथे इंग्रजीची मुळी गरजच नाही तिथे तरी ही माफी नको. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. तहसील कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय किंवा राज्य शासनाचे कोणतेही खाते असो, अर्ज स्वच्छ मराठीत करावा, विषय आणि आधीच्या पत्राचा जावक क्रमांक वर लिहावा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्यासह पोच घ्यावी.